छेदातले तास

भाचीने नोकरी सोडली त्या आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर एक भागाकार केला होता. हातात पडणारा पगार ६०,००० रुपये, महिन्याचे कामाचे दिवस २५, दिवसाचे तास ८. साठ हजारांना दोनशेने भागलं, उत्तर आलं ३००. "मावशी, तासाला तीनशेच्या वर काहीही मिळालं की मी नोकरीपेक्षा फायद्यात," असं तिने मला फोनवर सांगितलं. ती पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. आठ वर्षं एका फर्ममध्ये काढली आणि आता कोथरूडमधल्या स्वतःच्या घरातूनच कामं घेते.

सहा महिन्यांनी ती हिशेबाचे कागद घेऊन माझ्याकडे आली. मी चार-पाच छोट्या व्यावसायिकांची खाती बघते, त्यामुळे घरातले असे कागद शेवटी माझ्याच टेबलावर येतात. कामं भरपूर होती. वाकडच्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटचं डिझाइन तिने ४५,००० रुपयांत केलं होतं आणि तिच्या टिपणाप्रमाणे त्यावर ७८ तास गेले होते. म्हणजे तासाला ५७७ रुपये, तीनशेच्या जवळजवळ दुप्पट. तरीही बँकेतली शिल्लक दर महिन्याला थोडी थोडी खालीच चालली होती. ते ५७७ रुपये तिला कमाई वाटत होते. खरं तर प्रत्येक तासाला ती पदरचे पैसे घालत होती.

सजावटीच्या धंद्यात गिऱ्हाईक तासाचा भाव विचारत नाही. भाव ठरतो तो चौरस फुटावर, कामाच्या एकूण खर्चाच्या टक्क्यावर नाहीतर एकरकमी. म्हणून पुष्कळांना वाटतं की तासाचा हिशेब आपल्या कामाचा नाही. पण एकरकमी भाव बरा की वाईट, हे मोजायला आपल्यापाशी गज कुठला? तासाचा किमान दर हा तो गज. तो गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो, स्वतःपाशी ठेवायचा असतो.

तर पहिल्यापासून सुरुवात केली. आधी अंश.

नोकरीत हातात ६०,००० पडत होते हे खरं, पण कंपनी तिच्यासाठी बरंच काही हाताबाहेरच भरत होती. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा, सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून काढलेला आरोग्य विमा, ग्रॅच्युइटी. हे सगळं राजीनाम्याबरोबर संपलं. म्हातारपणासाठी महिन्याला ६,००० तरी बाजूला पडायला हवेत असं तिने ठरवलं, त्यामुळे तिची खरी महिन्याची गरज ६६,००० झाली. वर्षाचे ७,९२,०००.

मग खर्च. हे वर्षाचे धरायचे. महिन्याचे आठवायला बसलं की जे दर महिन्याला येत नाहीत ते सुटून जातात. तिच्या यादीत लॅपटॉप नव्हताच, कारण तो "आधीच घेतलेला" होता. पण १,२०,००० चा लॅपटॉप चार वर्षांनी पुन्हा घ्यावा लागणार असेल, तर दर वर्षी ३०,००० रुपयांचा लॅपटॉप झिजतो आहे. ड्रॉइंगच्या आणि थ्री-डीच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं तिला ६०,००० पडत होतं. स्कूटरचं पेट्रोल आणि दुरुस्ती ३६,०००, फोन आणि इंटरनेट १८,०००, प्रिंट आणि नमुन्यांचे तुकडे १८,०००, घरातली एक खोली कामासाठी अडकते तिची वीज वगैरे २४,०००, हिशेबनीसाचे १२,०००. त्यात आरोग्य विम्याचा हप्ता १८,००० आणि महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये भरावा लागणारा व्यवसाय कर. बारीकसारीक धरून २,२०,०००.

दोन्ही मिळून १०,१२,०००. एवढे पैसे वर्षभरात खरोखर खात्यात यायला हवेत.

कर कुठे गेला, असं तिने लगेच विचारलं. करापोटी सरळ तीस टक्के वाढवून ठेव, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. असे ठोकताळे बहुधा परदेशातल्या लेखांतून येतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर सवलत मिळून कर शून्य होतो. तिचा धंद्याचा खर्च वजा केला तर नफा आठ लाखांच्या आसपास राहतो. शिवाय अंतर्गत सजावट ही अशा काही व्यवसायांपैकी आहे, ज्यांना ठरावीक उलाढालीपर्यंत जमेची निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची मुभा आहे. नफा त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवायचा. कुठल्याही वाटेने गेलं तरी ती १२ लाखांच्या आतच राहते. म्हणजे या वर्षी तिच्या भागाकारात कराचा आकडा शून्य आहे. तीस टक्के वाढवून ठेवले असते, तर गिऱ्हाइकांना विनाकारण महाग पडली असती.

कराने तिचं नुकसान होत नव्हतं, पण पैसे अडकत होते. एका कंपनीच्या ऑफिसचं काम तिने केलं होतं. कंपनीने बिलातून दहा टक्के टीडीएस कापला. व्यावसायिक फीवर तो कापणं कंपनीला बंधनकारकच असतं, वर्षाची फी ५०,००० च्या वर गेली की. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की परत मिळतात. पण ते मिळेपर्यंत महिनेच्या महिने जातात आणि तेवढे दिवस घर चालवायला दुसरे पैसे लागतात. तेव्हा टीडीएस दरात मिळवायचा नाही. त्याच्यासाठी बँकेत वेगळी गंगाजळी ठेवायची.

ज्यांचा नफा १२ लाखांच्या बराच वर आहे, त्यांच्यासाठी मात्र कर अंशात यायलाच हवा, आणि तिथे एक चूक हमखास होते. १५ लाखांच्या करपात्र नफ्यावर कर आणि उपकर मिळून १,०९,२०० होतात. १२ ते १६ लाखांच्या पट्ट्यात कर १५ टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे वरच्या प्रत्येक १०० रुपयांतले १५.६० जातात. हातात जादा १,००० हवे असतील, तर लोक १५.६ टक्के मिळवून १,१५६ मागतात. पण कर त्या १,१५६ वरही लागतो, आणि हातात राहतात ९७५ च्या आसपास. इथे १,००० ला ०.८४४ ने भागायचं असतं. उत्तर १,१८५ येतं.

जीएसटीचा किस्सा वेगळा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते आणि बिलावर १८ टक्के चढतात. कंपनीला ते वळते करून घेता येतात, घर सजवणाऱ्या कुटुंबाला येत नाहीत. "सगळं धरून लाखभरच देऊ" असं गिऱ्हाईक अडून बसलं, तर त्या लाखातले तुमचे ८४,७४६. भाची अजून त्या रेषेपासून लांब आहे, म्हणून आम्ही ते पान उलटलं.

आता छेद. सगळी गंमत इथे आहे, आणि घसरगुंडीही इथेच.

वर्षाचे दिवस ३६५. आठवड्याची एक सुट्टी काढली की ३१३. ती सुट्टी तिची रविवारी नसते, कारण नवराबायको दोघं घरी सापडतात ते रविवारी. सणवार १२ दिवस, स्वतःची रजा १२ दिवस, आजारपण ७ दिवस. नोकरीत या ३१ दिवसांचा पगार मिळत होता. आता ते नुसतेच वजा होतात. राहिले २८२.

यानंतरची वजाबाकी फारसं कोणी करत नाही. रजा न घेताही काही दिवस रिकामे जातात, आणि प्रत्येक धंद्याचे रिकामे दिवस वेगळे असतात. सजावटीच्या कामात पितृपंधरवड्यात नवीन घराचं काम सुरू करायला पुष्कळ कुटुंबं तयार नसतात. दिवाळीच्या आधी हातघाई असते आणि दिवाळीत सुतार गावी जातात. त्यांतले पुष्कळ राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले, ते आठवडाभराचं सांगून जातात आणि तीन आठवड्यांनी येतात. सुतार नाही तर साइट बंद. तिच्या सहा महिन्यांच्या अनुभवावरून वर्षाचे २२ दिवस असे जातील असं आम्ही धरलं. राहिले २६०.

या २६० दिवसांतले किती तास विकले जातात? तिचं म्हणणं, आठ. मी तिला म्हटलं, तू सहा आठवडे डायरी लिही, उठलीस-बसलीस की लिही, आणि मग बोलू. त्या डायरीतला एक मंगळवार मला जसाच्या तसा आठवतो. सकाळी ४० मिनिटं गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपला उत्तरं. मग अडीच तास सलग एका स्वयंपाकघराची वर्किंग ड्रॉइंग. एका नवीन माणसाचा फोन, "साधारण किती येईल?" आणि त्यासाठी कोटेशन, ५० मिनिटं. जेवून चांदणी चौकातून वाकडला, ५० मिनिटं. तिथे किल्ली असलेला माणूस आलेला नाही, सुतार जिन्यात बसलेला, ४० मिनिटं. साइटवर दीड तास. परतीचा रस्ता संध्याकाळचा, ७० मिनिटं. घरी येऊन बिलं आणि थकलेल्या पैशांची आठवण, ४० मिनिटं.

पावणेनऊ तासांच्या वर दिवस झाला. त्यातले ज्यांचे पैसे कुणाच्या तरी बिलात धरले जातात असे तास किती? ड्रॉइंगचे अडीच आणि साइटचा दीड. चार.

त्या सहा आठवड्यांची सरासरी साडेचार आली. तिला धक्का बसला, मला नाही. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ज्या ज्या माणसाने माझ्यासमोर प्रामाणिकपणे डायरी लिहिली आहे, त्याचा पहिला आकडा त्याच्या समजुतीपेक्षा कमीच निघाला आहे. यात आळस कुठेच नाही. कोटेशन, प्रवास, वाट पाहणं, वसुली हे सगळं कामच आहे, फक्त त्याचं वेगळं बिल होत नाही. त्याचे पैसे साडेचार तासांनीच कमवून द्यायचे असतात.

एक खबरदारी इथे घ्यावी लागते. प्रवास आपण बिनपैशाच्या तासांत टाकला. तेव्हा पुढे कामाचे तास मोजताना तो पुन्हा धरायचा नाही. ज्यांना साइटभेटीचे वेगळे पैसे प्रवासासकट लावायचे असतील, त्यांनी प्रवास पैशाच्या तासांत न्यावा. मग छेद वाढेल आणि दर उतरेल. दोन्ही रीती चालतात, पण एकच तास दोन्हीकडे मोजला की आकडा खोटा होतो. तो खोटेपणा कागदावर दिसत नाही, म्हणून जपायचं.

तर छेद: २६० गुणिले साडेचार, म्हणजे १,१७० तास. नोकरी सोडताना तिने महिन्याचे २०० धरले होते, म्हणजे वर्षाचे २,४००. निम्म्याहूनही कमी भरले.

भाग देण्याआधी एक गळती राहिली. या धंद्यात शेवटचा हप्ता अडकतो. माणसं राहायला येतात, वास्तुशांत होते, आणि मग एक दार नीट लागत नाही म्हणून दहा हजार थांबतात, ते थांबतातच. शंभरातले पाच रुपये येणार नाहीत असं तिने धरलं. इथेही मिळवायचं नाही, भागायचं. १०,१२,००० ला ०.९५ ने भागलं की बिलांची बेरीज १०,६५,२६३ व्हायला हवी. तिला १,१७० ने भागलं, ९१० रुपये.

तीनशे म्हणून निघालेला आकडा ९१० वर येऊन थांबला.

संगणकावरच्या तक्त्यात हे एका ओळीचं काम आहे. B1 मध्ये महिन्याची गरज, B2 मध्ये वर्षाचा खर्च (कर लागत असेल तर त्याची रक्कमही इथेच), B3 मध्ये बुडीताचा वाटा, B4 मध्ये कामाचे दिवस आणि B5 मध्ये दिवसाचे पैशाचे तास.

```
=(B1*12+B2)/(1-B3)/(B4*B5)
```

तिचे आकडे 66000, 220000, 0.05, 260 आणि 4.5 घातले की उत्तर 910.48 येतं. कर लागणाऱ्याला थोडी कसरत करावी लागते, कारण कर उत्पन्नावर ठरतो आणि उत्पन्न दरावर. आधी कर शून्य धरून दर काढायचा, त्या उत्पन्नावरचा कर B2 मध्ये घालायचा आणि पुन्हा काढायचा. असं तीन-चार वेळा केलं की आकडा फारसा हलत नाही.

हा तक्ता हाताशी असला की खेळून बघावं. भाची आधी खर्चाला भिडली. स्वस्तातलं सॉफ्टवेअर शोधून वर्षाचे २०,००० वाचवले, तर दर किती उतरतो? १८ रुपये. मग तिने साडेचार तासांच्या जागी चार घातले. दर १,०२४ झाला. साडेपाच घातले तर ७४५. दिवसातला अर्धा तास इकडचा तिकडे झाला, तर तासामागे शंभराच्या आसपास फरक पडतो. वर्षभर काटकसर करून जे साधत नाही, ते वाकडच्या दोन साइट एकाच दिवशी लावून साधतं. किल्लीवाल्या माणसाला आदल्या रात्री फोन करूनही साधतं. नवीन चौकशीला पहिल्याच फोनवर सविस्तर कोटेशन देण्याऐवजी तिने आधीच्या तीन घरांचे साधारण खर्च लिहिलेलं एक पान तयार केलं. ते पाठवल्यावर ज्याने पुन्हा फोन केला, त्याच्यासाठीच बसायचं.

९१० हा बाजारभाव नाही, हेही तिला सांगावं लागलं. तिच्या घरखर्चाशी गिऱ्हाइकाला काही देणंघेणं नसतं. बाजार तासाला दीड हजार देत असेल, तर ९१० मागणं वेडेपणा. बाजार सातशेच्या वर जायला तयार नसेल, तर हा आकडा एवढंच सांगतो की या तासांत आणि या गरजेत हे गणित बसत नाही. मग गरज कमी करा, तास वाढवा, नाहीतर दुसऱ्या प्रकारचं काम बघा. तिच्या बाबतीत ऑफिसची कामं त्या रेषेच्या वर होती आणि घरांची बरीचशी खाली.

वाकडचा फ्लॅट आम्ही पुन्हा तपासला. ७८ तास गेले कसे? मापं घ्यायला ५, आराखड्याचे पर्याय काढायला १४, थ्री-डी चित्रांना २४, वर्किंग ड्रॉइंगना २० आणि साइटवर १५. ९१० च्या दराने हे काम ७०,९८० चं होतं. तिने घेतले होते ४५,०००, आणि तेवढ्या पैशांत तिला फार तर ४९ तास देता आले असते.

थ्री-डीच्या २४ तासांकडे बघितल्यावर गोष्ट उघड झाली. बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीमागच्या भिंतीचे सात प्रकार तिने काढले होते. प्रत्येक वेळी मागणी एकच, "जरा लाकडी दाखव, जरा करडा दाखव". बदल किती वेळा, हे कोटेशनमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात तशाच एका फ्लॅटची चौकशी आली, या वेळी बावधनची. ७१,००० सांगायची तिची हिंमत होईना, आणि त्या भागात तेवढे मिळालेही नसते बहुतेक. तेव्हा तिने पैशांच्या आधी तास ठरवले. थ्री-डी फक्त बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांची, प्रत्येकी दोन बदलांपर्यंत, त्यापुढच्या बदलाला वेगळे पैसे. साइटभेटी आठ. असे ६५ तास झाले. ९१० ने गुणून ५९,१५०, कोटेशन ६०,००० चं. शेवटचा हप्ता दहा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला आणि फर्निचर बसवण्याच्या आधीचा हप्ता तेवढाच वाढवला. गिऱ्हाइकाने पाच हजार कमी करायला सांगितले. तिने स्वयंपाकघराची थ्री-डी काढून टाकू का असं विचारलं. ६०,००० वर ठरलं.

मार्चमध्ये वर्षाचा हिशेब घेऊन ती परत आली. दिवस २६० च भरले होते, खर्चही जवळपास धरला तेवढाच. पण पैशाचे तास रोजचे साडेचारच्या जागी ४.१ निघाले. दिवाळीनंतर दोन साइटवरचे सुतार महिनाभर परतले नव्हते, आणि त्या काळात ती रोज फोन करत, दुसरे सुतार शोधत, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हेलपाटे घालत बसली होती. तिने B5 मध्ये 4.1 घातलं. उत्तर 999 च्या थोडं वर आलं.

एप्रिलपासूनची कोटेशनं तिने हजाराने काढायला घेतली. ९१० ने आधी दिलेली तीन मात्र तशीच ठेवली, शब्द दिला होता म्हणून.